फळीमागची मांडी

सोलापूरच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वेच्या साहेबांच्या क्लबातल्या, नाचाला येणाऱ्या साहेब-मडमांना महिपती फक्त कंबरेच्या वरचाच ठाऊक होता. काळा कोट, गळ्याला बो, तेल लावून चापून बसवलेले केस आणि हातात क्लॅरोनेट. कंबरेच्या खाली काय चाललंय हे एका रंगवलेल्या लाकडी फळीमागे झाकलेलं असे. त्या फळीमागचं गुपित आम्हा मोजक्यांनाच माहीत होतं. आता सांगायला हरकत नाही. साहेब गेले, मडमा गेल्या, आणि मलाही फार दिवस पोटात काही ठेवायची सवय नाही.

महिपती मंगळवेढ्याकडचा धनगर. घरात चार पिढ्या मेंढरं. हा मात्र कोवळ्या वयात पावा वाजवता वाजवता सोलापुरात आला आणि लग्नाच्या ब्रास बँडमध्ये शिरला. मी त्याच बँडात साइड ड्रम वाजवायचो. माझं नाव शिवपुत्र, मूळचा अक्कलकोटकडचा. रागावलो की कानडीत शिव्या देतो आणि प्रेम आलं तरी त्याच देतो, हे महिपतीनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं, म्हणून आमचं जमलं.

आमचा बँड तयार केला होता पलटणीतून पेन्शन घेतलेल्या एका बँडमास्तरानं. त्याचा धाकच असा, की झोपेतही पाय डावा-उजवा पडावा. कागदावर जे लिहिलंय तेच वाजवायचं आणि चालत वाजवायचं. डावा पाय पडला की स्वरावर जोर. वरात दोन गल्ल्यांची असो की दोन कोसांची, आमचे स्वर बुटांच्या टाचांना बांधलेले. त्यात महिपती पक्का तयार झाला. इतका पक्का, की पुढं तेच त्याच्या मुळावर आलं.

लग्नसराईचे आठ महिने आम्ही गावोगाव, निजामाच्या मुलखापर्यंत. पावसाळ्यात लग्नं बंद, तेव्हा महिपती भावाच्या मेंढरांमागं. बायको सोनाबाई तिच्या माहेरी मंद्रूपला. तिथंच त्यांची चिमी जन्मली. महिपती मधून कधीतरी एक-दोन दिवस मंद्रूपला जायचा, बँडचा गणवेश अंगावर, पायात ते टाचांचे बूट. बुटांचा आवाज अंगणात आला की चिमी आजीच्या पदराआड पळायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. आपला बाप तिला ओळखीचाच नव्हता. एकदा मीही बरोबर गेलो होतो; परत येताना टांग्यात तो मला म्हणाला, "शिवपुत्रा, मेंढीचं कोकरू पण वासानं आपलं मानूस वळखतंय की रं. माझी लेक मला वळखत न्हाय." मी त्याला चिडवायला निघालो होतो. त्याऐवजी विडी पुढं केली.

त्या वर्षी, बहुधा छत्तीस साल असेल, इन्स्टिट्यूटच्या डान्स बँडमधला क्लॅरोनेटवाला मुंबईच्या हॉटेलात नोकरी मिळाली म्हणून गेला. जागा रिकामी झाली. बारमाही काम, सोलापूर सोडायचं नाही, शनिवार-रविवार वाजवायचं आणि बाकी दिवस घरी. महिपतीनं हे ऐकलं आणि मेंढरांमागं जायचं रद्द केलं. माझ्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, सोनाबाईला आणि चिमीला मंद्रूपहून आणलं. तुळशीचं लग्न झालं की आमचा बँड परत बाहेर पडणार होता. तोवर जागा मिळाली तर बिऱ्हाड सोलापुरात राहणार, नाही तर दोघी पुन्हा मंद्रूपला आणि हा पुन्हा वरातीत. एवढाच हिशोब होता, पण महिपतीच्या दृष्टीनं सगळा जन्म त्यात होता.

डान्स बँडचा पुढारी इनास मास्तर, गोव्याचा. सॅक्सोफोन वाजवायचा, पोट मोठं, मन त्याहून मोठं. मुंबईला एका मोठ्या हॉटेलात अमेरिकेहून आलेल्या काळ्या वादकांचा बँड त्यानं ऐकला होता, आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. रेकॉर्डी मागवायचा आणि त्यांतलं वाजवायचा. आता नाचणाऱ्यांनाही तेच हवं होतं. त्या वाजवण्याला तो स्विंग म्हणायचा.

पहिल्या दिवशी मी महिपतीबरोबर इनास मास्तरांच्या घरी गेलो. मास्तरांनी कागद पुढं ठेवला. महिपतीनं कागद वाचला आणि स्वच्छ, एकही स्वर न चुकवता वाजवून दाखवला. मला वाटलं, झालं काम, आता चहा येईल.

मास्तर डोकं धरून बसले. "अरे बाबा, तू चालतोस! खुर्चीत बसून चालतोस!"

मग त्यांनी ग्रामोफोनला चावी दिली आणि तीच चाल ऐकवली. कागद तोच, स्वर तेच. पण ऐकताना वाटलं, आपण वाजवलं ते खोकं आणि हे त्यातून बाहेर निघालेलं जितं जनावर.

"हे बघ," मास्तर म्हणाले. "एका ठोक्यात दोन स्वर लिहिले आहेत. त्यांना क्वेव्हर म्हणतात. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. वाजवताना सारखे नाही. पहिला लांब, दुसरा आखूड."

"मग लिवलंय तसं का न्हाय लिवलं?" महिपतीचा प्रश्न रास्त होता. पलटणीच्या मास्तरानं हाच धडा त्याच्या हाडात भरला होता.

"कारण लिहिता येत नाही. आणि लिहिलं तरी तू तेवढंच वाजवशील."

घरी येऊन महिपतीनं सराव सुरू केला आणि आमच्या गल्लीचं स्वास्थ्य गेलं. पहिला लांब, दुसरा आखूड. त्यानं पहिला इतका लांब केला आणि दुसरा इतका चिमटीत पकडला, की वाजवणं ऐकून मला लंगडं घोडं आठवायचं. खुडुक-खुडुक-खुडुक. शिवाय सराव कसा, तर बूट घालून ओसरीवर येरझाऱ्या घालत. का, तर बसलं की त्याला दम सापडायचा नाही. बुटांचा आवाज सुरू झाला की आत चिमी रडायला लागायची. सोनाबाई तिला घेऊन मागच्या दारी जाऊन बसायची.

मास्तरांनी ते लंगडं घोडं ऐकलं आणि या वेळी रागावले नाहीत. ग्रामोफोनच्या वेगाची कळ मागं ओढली. रेकॉर्ड संथ झाली, वाजवणाऱ्याचा आवाज रेड्यासारखा जाड झाला, पण एकेक स्वर सुटा ऐकू यायला लागला. "म्हण, त-कि-ट. एका ठोक्यात तीन. आता पहिला स्वर त-कि दोन्हीवर धरून ठेव आणि दुसरा ट वर घे. तू ठोक्याचे चार भाग करून तीन आणि एक वाजवतोस. ते मार्च. इथं तीन भागांतले दोन आणि एक. तेसुद्धा सुतारानं मोजून कापल्यासारखं नको. चाल संथ असेल तर फरक जास्त, चाल जलद झाली की दोन्ही स्वर जवळजवळ सारखे होत जातात. पळताना झोका घ्यायला वेळ कुठं?"

"पन मास्तर, असं वाकडं का वाजवायचं?"

मास्तर उठले. पोट सावरत दोन पावलं नाचून दाखवली. "सारखे वाजवलेस तर दोन स्वर शेजारी-शेजारी उभे राहतात. कुणालाच कुठं जायचं नाही. दुसरा थोडा उशिरा आला, की तो पुढच्या ठोक्यावर पडायलाच लागतो. त्याच्याबरोबर नाचणाऱ्याचा पाय पडतो. तो छोटा स्वर मागच्याचा नाही, पुढच्याचा आहे. त्याला पुढच्याशी जोड. पत्तीला जीभ त्या छोट्यावर लाव, हलकी, आणि पुढचा मोठा त्यातूनच निघू दे. तू जीभ लावतोस मोठ्यावर, डावा पाय पडतो तिथं."

मला म्हणाले, "शिवपुत्र, तू टाळी दे. चार ठोक्यांतल्या एकला नाही, तीनला नाही. दोनला आणि चारला." मी आयुष्यभर एकवर ठोकत आलेला माणूस. माझाही हात एकवरच पडायला लागला. मास्तर हसले, म्हणाले, दोघे एकाच गोठ्यातले दिसता.

हे सगळं महिपतीला कळत होतं. तोंडानं त-कि-ट अगदी बरोबर म्हणायचा. गुणगुणायचासुद्धा छान. क्लॅरोनेट तोंडाला लावलं की पालथ्या घड्यावर पाणी. मी एकदा चिडून म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं असं तरी म्हण, निदान मन मोकळं होईल. तो पुन्हा बूट चढवून ओसरीवर गेला. दिवाळी जवळ आली होती. सोनाबाईनं एका लुगड्यात दोघींचे कपडे बांधायला घेतले होते. गाठोडं दाराशी दिसेल असं ठेवलं होतं. ती बाई टोचून बोलणारी नव्हती. मनाची तयारी करत होती, एवढंच.

दिवाळीच्या आधी दोन दिवस असतील. चिमीच्या दाढा येत होत्या, अंग कढत होतं, पोर कुणाकडं राहीना. सोनाबाईच्या चुलीवर तवा, परातीत पीठ. सकाळची वेळ. महिपती नुकताच आंघोळ करून आलेला, अनवाणी. सोनाबाई वैतागून म्हणाली, "अवो, घ्या हिला. भाकरी करपाय लागल्यात. रडली तर रडू दे."

त्यानं पोरीला मांडीवर घेतलं. बूट नव्हते, गणवेश नव्हता, म्हणून की ताप होता म्हणून, ती रडली नाही. कण्हत राहिली. महिपती मांडी हलवायला लागला, सगळे बाप हलवतात तशी. मांडी खाली जायची तिथं जरा रेंगाळायची, आणि चटकन वर येऊन परत खाली. थोड्या वेळानं त्यानं भिंतीला टेकवलेलं क्लॅरोनेट उचललं आणि अगदी हळू, खालच्या स्वरात मास्तरांचीच चाल सुरू केली. जीभ जोरात लावली असती तर पोर दचकली असती. म्हणून तो जेमतेम जीभ लावत होता, तीही मांडी वर उचलताना, म्हणजे छोट्या स्वरावर. मोठा स्वर मांडीबरोबर आपोआप खाली बसत होता.

मी माझ्या खोलीत दाढी करत होतो. हात थांबला. साबण तसाच तोंडाला लावून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. लंगडं घोडं गेलं होतं. कवायत गेली होती. त्याच्या मांडीवर ते रेकॉर्डीतलं जितं जनावर होतं आणि त्याच्या अंगावर चिमी झोपली होती.

मी न सांगता टाळी द्यायला लागलो. दोनला, चारला. आयुष्यात पहिल्यांदा माझा हात बरोबर जागी पडला. सोनाबाई तव्यापासून वळून म्हणाली, "भावजी, टाळ्या कसल्या वाजिवताय? पोर उटंल की." पण तिची मान हलत होती, आणि हातातली भाकरी त्याच तालावर थापली जात होती. ते तिला ठाऊक नव्हतं.

मग आम्ही मास्तरांनी सांगितलेला सराव तसाच, पण जमिनीवर बसून केला. आधी चाल गुणगुणायची, नुसती टाळीवर. मग एकाच स्वरावर लांब-आखूड, संथ. मग सप्तक चढत-उतरत. वेग थोडा थोडा वाढवायचा आणि वाढेल तसा झोका आपोआप आखूड होऊ द्यायचा, ओढून ठेवायचा नाही. चिमी बरी झाली आणि मांडीवर येऊन बसायला लागली. बापाकडं तोंड करून नव्हे, पाठ करून. तेही महिपतीला पुष्कळ होतं. ती येऊन बसली की हा माझ्याकडं बघायचा, लॉटरी लागल्यासारखा.

तुळशीच्या लग्नाआधीच्या रविवारी दुपारी इन्स्टिट्यूटमध्ये परीक्षा. नाचासाठी घासून गुळगुळीत केलेली लाकडी जमीन, भिंतीला खुर्च्या, कोपऱ्यात दोन मडमा चहा पीत बसलेल्या, आणि सेक्रेटरी म्हणून एक उंच साहेब. मास्तरांचा बँड समोर बसलेला, त्यात महिपती गणवेशात. कोट नीट, बूट चमकणारे. मी मागं दाराशी.

खुर्चीवर बसला, बूट त्या लाकडी जमिनीवर टेकले आणि ये रे माझ्या मागल्या! डावा पाय पडला. टाच खाड्कन वाजली. प्रत्येक ठोक्यावर जीभ, दोन्ही स्वर सारखे, अख्खी पलटण हॉलमधून निघाली. इनास मास्तरांनी हात वर करून थांबवलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. साहेबानं घड्याळ काढून बघितलं.

महिपती घामाघूम होऊन माझ्याकडं बघत होता. मला त्याच्या चेहऱ्यात ते दाराशी ठेवलेलं गाठोडं दिसलं. माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे. साहेब, मडमा काही न बघता मी दारातून ओरडलो, "अरे बूट काढ! बूट काढ आणि मांडी घाल!" त्याच्या आधी आणि नंतर दोन कानडी शब्द होते, ते मास्तरांना कळले नाहीत हे बरं.

क्षणभर त्याला काही उमजलं नाही. मग तो वाकला आणि बूट काढले. खुर्चीवर मांडी घालून बसला. तरी काहीतरी कमी होतं. त्यानं अंगातला कोट काढला, गुंडाळी केली आणि मांडीवर ठेवली, डोकं असावं तिथं कॉलर करून. डोळे मिटले. मांडी हलायला लागली.

मास्तरांनी मुंडी हलवून इशारा दिला. ड्रमवाल्यानं पायाखालच्या झांजा दोनला, चारला मिटल्या. महिपतीचा पहिला स्वर आला आणि मला आमच्या खोलीतल्या चुलीचा वास आला. छोटा स्वर उशिरा, हलका, पुढच्याच्या कुशीत शिरणारा. जीभ लागते की नाही कळू नये अशी. दुसऱ्या फेरीला मास्तरांनी चाल वाढवली, मुद्दाम, परीक्षा म्हणून. महिपतीनं झोका आखूड केला, दोन्ही स्वर जवळ आले, पण चालणं नाही झालं, पळणं झालं. कोपऱ्यातल्या मडमेनं कप खाली ठेवला. तिचा पाय टेबलाखाली हलत होता. दोघी उठल्या आणि साहेबाला न विचारता एकमेकींबरोबर नाचायला लागल्या.

संपल्यावर साहेब म्हणाला की वाजवणं उत्तम आहे, पण अनवाणी, मांडी घातलेला माणूस नाचाच्या रात्री बँडमध्ये बसवता येणार नाही. महिपतीनं बूट जवळ ओढले. इनास मास्तर तरातरा स्टेजच्या मागं गेले आणि जुन्या नाटकाच्या सामानातली एक लाकडी फळी फरफटत घेऊन आले. तिच्यावर नारळाची झाडं आणि चांदणं रंगवलेलं होतं. ती महिपतीच्या पुढं उभी केली. "साहेब, आता दिसतो काय?" साहेबानं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग हसला आणि म्हणाला, कोट मात्र अंगात घालायला सांगा.

पुढं बाकीच्या वादकांपुढंही तशाच फळ्या आल्या, एकाच रंगाच्या, म्हणून कुणाला संशय आला नाही. इन्स्टिट्यूटचे नाच चालले तोवर महिपती तिथं मांडी घालून वाजवत राहिला. मांडीवर आता कोटाऐवजी सोनाबाईनं शिवलेली छोटी उशी. मी पुढं लग्नाच्या बँडातच राहिलो, पण दोनला आणि चारला टाळी द्यायची खोड लागली ती लागलीच, आणि त्यापायी दोन वराती बिघडवल्या.

पण त्या रविवारचं राहिलंच. आम्ही दोघं इन्स्टिट्यूटमधून निघालो ते तरंगतच. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा अनवाणी चाललाय, बूट हातात. मी म्हणालो, "घाल की आता." तो म्हणाला, "नगं. पोर भितीया."

दिवेलागण झाली होती. सोनाबाई उंबऱ्यात, चिमी तिच्या शेजारी. गाठोडं दाराशीच. सोनाबाईनं नवऱ्याच्या अंगावरचा चुरगळलेला कोट बघितला, अनवाणी पाय बघितले, आणि तिचा चेहरा उतरला. विचारलं ते एवढंच, "जेवताय न्हवं?"

जागा मिळाली, साहेब असं म्हणाला, मडमा नाचल्या, असं काहीबाही महिपतीला सांगायचं होतं. त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. तो म्हणाला, "गाठुडं सोड."

सोनाबाईनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच बसून गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, तिच्या हाताला सुटेना. महिपती बूट कोपऱ्यात ठेवून मदतीला खाली बसला, मांडी घालून. चिमीनं त्याच्याकडं बघितलं, मग कोपऱ्यात ठेवलेल्या बुटांकडं बघितलं. बूट नुसतेच होते, त्यांत कुणी नव्हतं. ती चालत आली आणि त्याच्या मांडीवर बसली. या वेळी त्याच्याकडं तोंड करून. मांडी हलेना, म्हणून तिनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "आबा, हलीव की."